पिक लिस्ट लोकेशनप्रमाणे सॉर्ट केली तरी फेऱ्या का कमी होत नाहीत?

प्रश्न: ऑनलाइन विकतो, रोजच्या साठ-सत्तर ऑर्डर असतात. ऑर्डरची फाइल शीटमध्ये घेऊन प्रत्येक ऑर्डरचा माल रॅकच्या लोकेशनप्रमाणे सॉर्ट करून पिक लिस्ट काढतो, पण माल काढणारी पोरं अजून तेवढीच फिरतायत. वेगळं सॉफ्टवेअर न घेता शीटमध्येच हे नीट कसं करायचं?

उत्तर:

तुमच्या वाक्यात "प्रत्येक ऑर्डरचा माल" असं आलंय ना, माझ्या मते घोळ तिथेच आहे. एका ऑर्डरमध्ये एक-दोन वस्तू असतील तर त्यात सॉर्ट करायला उरतंच काय, दोन ओळी वरखाली झाल्या एवढंच. माणूस तरी प्रत्येक ऑर्डरसाठी टेबलापासून निघून परत टेबलाशीच येतो. म्हणजे आधी ऑर्डरी एकत्र करून एक फेरी बनवायची आणि मग त्या फेरीचा माल चालायच्या क्रमाने लावायचा. हे दोन वेगळे भाग आहेत, आणि चालणं जास्त वाचतं ते पहिल्यात.

आधीच सांगतो, मी हे एक चित्र डोळ्यासमोर धरून लिहितोय: छोट्या वस्तू, एका ट्रॉलीवर मावणाऱ्या, एक माणूस एका फेरीला, एकच पॅकिंग टेबल, आणि गल्ल्या दोन्ही टोकांना उघड्या. गल्ल्या मागून भिंतीला टेकलेल्या असतील तर क्रम बदलतो, ते खाली सांगतो. आणि एकेक वस्तू हातगाडीवर एकटीच मावेल एवढी मोठी असेल तर यातलं बरंचसं तुमच्या कामाचं नाही.

एक छोटं उदाहरण घेऊ, आकडे मुद्दाम लहान ठेवलेत म्हणजे कागदावर करून बघता येईल. चार गल्ल्या, A ते D. प्रत्येक गल्लीत दहा रॅक, 01 टेबलाच्या बाजूला आणि 10 मागच्या टोकाला. हिशोब सोपा राहावा म्हणून रॅक एकाच बाजूला धरू. टेबल A गल्लीच्या तोंडाशी. अंतर रॅकमध्येच मोजू: 01 पासून 10 च्या शेवटापर्यंत गेलं की दहा, आणि एका गल्लीतून शेजारच्या गल्लीत जायला दोन. लोकेशनचा कोड A-02-1 म्हणजे A गल्ली, दुसरा रॅक, खालून पहिला कप्पा.

सहा ऑर्डर आल्यात, अशा:

```
Order  SKU     Qty  Location
101    CBL-1M  1    C-04-2
101    NB-A5   2    A-02-1
102    NB-A5   1    A-02-1
103    MUG-BL  1    B-09-3
103    PEN-BK  5    A-07-2
104    CBL-1M  2    C-04-2
104    LMP-01  1    D-06-1
105    MUG-BL  1    B-09-3
106    PEN-BK  5    A-07-2
106    STK-12  1    B-02-2
```

आता एकेक ऑर्डर वेगळी काढली, आणि प्रत्येक वेळी माणूस सगळ्यात जवळच्या रस्त्याने गेला असं धरलं, तर 101 ला 20, 102 ला 4, 103 ला 24, 104 ला 32, 105 ला 22 आणि 106 ला 22, एकूण 124. तुमचं सध्या जे चाललंय ते हेच. प्रत्येक ऑर्डर आतून सॉर्ट केलेली आहे, तरी 124.

सहाही ऑर्डर एकत्र करून एकच फेरी मारली, सॉर्ट अजिबात न करता, वस्तू फाइलमध्ये ज्या क्रमाने पहिल्यांदा दिसतात त्याच क्रमाने काढल्या, तर 64. नुसतं एकत्र केल्याने अर्ध्यावर आलं. त्यावर लोकेशनचा साधा चढता सॉर्ट लावला तर 58, आणि नागमोडी क्रम लावला, म्हणजे A गल्लीतून मागे जायचं, B मधून पुढे यायचं, परत C मधून मागे, D मधून पुढे, तर 52. अजून एक गोष्ट, 64 चा आकडा निघाला कारण मी प्रत्येक ठिकाणी पुढून जायचं की मागून हे मोजून जवळचं धरलं. खरा माणूस हातात ट्रॉली असताना एवढा विचार करत नाही, त्यामुळे बिनसॉर्टची लिस्ट प्रत्यक्षात यापेक्षा वाईटच जाते. सॉर्टचा खरा फायदा असा की त्याला विचारच करावा लागत नाही.

आता चढता सॉर्ट आणि नागमोडी यात फरक का पडतो ते बघा. चढत्या सॉर्टमध्ये A-02, A-07 झालं की पुढची ओळ B-02. माणूस A च्या सातव्या रॅकपाशी उभा आहे, तिथून परत पुढे येऊन B-02 ला जाणार आणि मग पुन्हा B-09 पर्यंत मागे. नागमोडीत A-07 नंतर अजून तीन रॅक जाऊन मागच्या बाजूने वळला की समोरच B-09, आणि मग पुढे येता येता B-02. म्हणजे एकाआड एक गल्लीत रॅकचा क्रम उलटा पाहिजे, आणि हे लोकेशनच्या कोडवर सॉर्ट करून कधीच होणार नाही. कोड हा पत्ता आहे, त्यातून वस्तू कुठे आहे ते कळतं, पण तिथे कितव्या नंबरला पोचायचं ते कळत नाही. म्हणून कोडच्या शेजारी एक वेगळा आकडा ठेवायचा, आम्ही त्याला चालक्रम म्हणतो, आणि सॉर्ट नेहमी त्या आकड्यावर.

चालक्रम काढायचे दोन मार्ग आहेत. गल्ल्या सगळ्या सारख्या असतील तर फॉर्म्युल्याने येतो. Locations नावाच्या शीटमध्ये A कॉलमला एसकेयू, B ला लोकेशन आणि C2 मध्ये हे:

```
=(CODE(LEFT(B2,1))-64)*1000
 +IF(ISODD(CODE(LEFT(B2,1))-64),
     VALUE(MID(B2,3,2)),
     11-VALUE(MID(B2,3,2)))*10
 +VALUE(RIGHT(B2,1))
```

A चा 1, B चा 2 असा गल्लीचा नंबर हजाराच्या जागी येतो. विषम गल्लीत रॅक नंबर जसाच्या तसा, सम गल्लीत अकरातून वजा, कारण रॅक दहा आहेत. शेवटी कप्पा. B-09-3 चा 2023 येतो आणि B-02-2 चा 2092, म्हणजे नववा रॅक आधी आला. कप्पा मुद्दाम शेवटी ठेवलाय. काही लोक कोडमध्येच गल्ली-कप्पा-रॅक असा क्रम ठेवतात आणि त्यावर सॉर्ट करतात, मग लिस्ट आधी सगळा खालचा कप्पा, मग सगळा वरचा कप्पा अशी येते आणि माणूस एकाच गल्लीत तीनदा जाऊन येतो. हात वर करायला काही वेळ लागत नाही हो, वेळ जातो चालण्यात.

दुसरा मार्ग म्हणजे हाताने नंबर द्यायचे. रिकामी ट्रॉली घ्या, टेबलापासून निघा, तुम्ही जसे सहज चालाल तसे सगळ्या रॅकसमोरून एकदा जा आणि प्रत्येक रॅकला नंबर लिहीत जा, 10, 20, 30 असे, म्हणजे नंतर मधे एखादा रॅक वाढला तर 25 घालता येईल. ऐकायला जुनाट वाटतं, पण जागा वेडीवाकडी असेल, मधे खांब असेल, जमिनीवरच ठेवलेले खोके असतील, एखादी गल्ली अर्धीच असेल, तर फॉर्म्युल्यापेक्षा हे चांगलं चालतं, आणि छोट्या जागेला मी हेच सांगतो. वजनदार माल शेवटच्या गल्लीत असेल तर नंबर उलट्या बाजूने द्या, म्हणजे जड खाली आणि नाजूक वर असं ट्रॉलीत आपोआप बसतं. त्यासाठी थोडं जास्त चालावं लागलं तरी चालेल, फुटलेल्या वस्तूच्या जागी दुसरी काढून आणायची म्हणजे पुन्हा एक फेरीच.

दोन्ही बाजूंना रॅक असतील, आणि सहसा असतातच, तर गल्ली किती रुंद आहे त्यावर ठरतं. मधे उभं राहून दोन्हीकडे हात पोचत असेल तर डावीकडे विषम आणि उजवीकडे सम नंबर द्या, 01 समोर 02, 03 समोर 04. मग दहाऐवजी वीस रॅक होतात, फॉर्म्युल्यात 11 च्या जागी 21, बाकी सगळं तेच. गल्ली रुंद असेल, या बाजूकडून त्या बाजूला जायला पावलं टाकावी लागत असतील, तर आधी डावी बाजू पूर्ण करायची आणि येताना उजवी. गल्ली मागून बंद असेल तरीही हेच करायचं, तिथे नागमोडीचा काही उपयोग नाही कारण मागून वळायलाच जागा नाही. अशा बंद गल्लीत जास्त खपणारा माल तोंडाशी आणून ठेवला तर सॉर्टपेक्षा जास्त वाचतं.

आता शीट. Orders शीटमध्ये A ला ऑर्डर नंबर, B ला एसकेयू, C ला नग. D आणि E मध्ये चालक्रम आणि लोकेशन ओढून आणायचं:

```
D2: =XLOOKUP(TRIM(B2),Locations!A:A,Locations!C:C,0)
E2: =XLOOKUP(TRIM(B2),Locations!A:A,Locations!B:B,"???")
```

शेवटचा 0 आणि ??? फार महत्त्वाचे. लोकेशन सापडलं नाही की चालक्रम शून्य, म्हणजे ती ओळ लिस्टच्या सगळ्यात वर येते, डोळ्यात खुपेल अशी. काही जण एरर दिसायला नको म्हणून तिथे मोकळं ठेवतात, मग ती वस्तू लिस्टच्या तळाशी जाते किंवा पुढच्या फिल्टरमध्ये गळते, आणि पॅकिंगला कळतं की ती वस्तू काढलीच नाही.

मग Pick नावाच्या शीटमध्ये A1 ला हे एकच:

```
=QUERY(Orders!A2:E,
 "select D, E, B, sum(C) where B is not null
  group by D, E, B order by D
  label sum(C) 'Qty'", 0)
```

वरच्या दहा ओळींची लिस्ट अशी येते (कॉलमची नावं वाचायला सोपं जावं म्हणून मी घातलीत, तुमच्याकडे फक्त Qty दिसेल):

```
Seq   Location  SKU     Qty
1021  A-02-1    NB-A5   3
1072  A-07-2    PEN-BK  10
2023  B-09-3    MUG-BL  2
2092  B-02-2    STK-12  1
3042  C-04-2    CBL-1M  3
4051  D-06-1    LMP-01  1
```

दहा ओळींच्या सहा झाल्या, कारण तीच वस्तू दोन ऑर्डरमध्ये असली तरी थांबायचं एकदाच. नागमोडी क्रमही लावलेला आहे, B मध्ये 09 आधी आहे बघा. हे गूगल शीट्सचं झालं, एक्सेलमध्ये QUERY नाही, तिथे D, E, B ओळींना आणि C ची बेरीज असा पिव्होट टेबल करा, टॅब्युलर लेआउट ठेवा आणि सबटोटल बंद करा, काम तेच होतं. बऱ्याच एक्सेलमध्ये पिव्होट आपोआप ताजा होत नाही, तिथे दर वेळी रिफ्रेश करावा लागतो, हे विसरू नका.

प्रिंट काढायच्या आधी एक तपासणी, कधीही सोडायची नाही: Orders मधल्या नगांची बेरीज आणि Pick मधल्या नगांची बेरीज सारखी पाहिजे. आपल्या उदाहरणात दोन्हीकडे 20.

```
=SUM(Orders!C2:C)=SUM(Pick!D2:D)
```

हे FALSE आलं तर थांबा आणि एसकेयूचा कॉलम बघा. QUERY ची एक खोड आहे, एका कॉलममध्ये काही आकडे आणि काही मजकूर असा मिसळ माल असला की ते जास्तीच्या प्रकाराला खरं मानतं आणि उरलेलं रिकामं समजतं. तुमचे बहुतेक एसकेयू MUG-BL सारखे असतील आणि दोन-चार नुसते 4471 असे, तर ते दोन-चार कुठलीही एरर न देता गायब होतात. उपाय सोपा आहे, फाइल आणायच्या आधी तो कॉलम प्लेन टेक्स्ट करून ठेवायचा. त्यानेच आणखी दोन दुखणी जातात: 00451 सारख्या एसकेयूची सुरुवातीची शून्यं उडत नाहीत, आणि 02-09-3 सारखा कोड तारीख बनत नाही. लोकेशनच्या कोडमध्ये गल्लीला अक्षर देण्यामागे माझं कारण हेच आहे. आणि रॅकला नेहमी दोन अंक, 2 नाही 02, नाहीतर मजकूर म्हणून सॉर्ट करताना A-10 हा A-2 च्या आधी येतो, शिवाय वरच्या फॉर्म्युल्यातला MID पण चुकतो.

अजून एक, लिस्ट जिवंत फॉर्म्युल्यावर प्रिंट करू नका. तुम्ही प्रिंट काढलीत, माणूस गल्लीत गेला, तेवढ्यात कोणी नवीन ऑर्डरी चिकटवल्या, आता शीट वेगळी आणि कागद वेगळा. बॅच, म्हणजे एका फेरीत एकत्र काढायच्या ऑर्डरी, ठरली की Orders ची त्या वेळची प्रत बॅच नंबर देऊन व्हॅल्यूज म्हणून वेगळी ठेवा आणि लिस्ट त्यावरून काढा. रद्द झालेल्या ऑर्डरी त्या प्रतीत घ्यायच्याच नाहीत, नंतर रद्द झाली तर ती टेबलावर बाजूला काढायची, गल्लीत फिरणाऱ्या माणसाच्या कागदात बदल करायचा नाही.

एकत्र काढलेला माल परत ऑर्डरप्रमाणे वेगळा कसा करायचा, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण पहिल्याच दिवशी येणार. इथे लोक अडकतात आणि "यापेक्षा एकेक ऑर्डर बरी" म्हणून सोडून देतात. एकाच वस्तूच्या ऑर्डरी आधी बाजूला काढा, उदाहरणात 102 आणि 105. त्यांना वेगळं करायचं कामच नाही, सगळ्यांचा माल एकदम आणायचा आणि टेबलावर एकेक लेबल लावत जायचं. तुमच्याकडे अशा किती आहेत ते आधी मोजा, बऱ्याच विक्रेत्यांकडे अर्ध्याहून जास्त ऑर्डरी एकाच वस्तूच्या निघतात, आणि त्यांची स्वतंत्र बॅच सगळ्यात पटकन उरकते.

उरलेल्यांसाठी ट्रॉलीवर नंबर टाकलेले क्रेट ठेवायचे, एक ऑर्डर एक क्रेट. Orders मध्ये F कॉलमला क्रेट नंबर द्यायचा आणि Pick मध्ये E2 पासून खाली हे ओढायचं:

```
=TEXTJOIN(", ",TRUE,
 FILTER(Orders!F:F&"×"&Orders!C:C, Orders!B:B=C2))
```

101, 103, 104, 106 ला क्रेट 1 ते 4 दिले तर A-07-2 च्या ओळीसमोर "2×5, 4×5" येतं, म्हणजे पेनं दहा काढ, पाच क्रेट दोनमध्ये, पाच क्रेट चारमध्ये. माल रॅकवरूनच वेगळा होत येतो आणि टेबलावर फक्त पॅकिंग उरतं. मग एका बॅचमध्ये किती ऑर्डरी घ्यायच्या? ट्रॉलीवर जितके क्रेट बसतात तितक्या. मोठी बॅच केली की चालणं प्रत्येक ऑर्डरमागे अजून कमी होतं हे खरं, पण क्रेट जास्त झाले की चुकीच्या क्रेटमध्ये वस्तू पडायला लागते, आणि ती चूक ग्राहकापर्यंत जाते. सात-आठ क्रेटने सुरुवात करा, चुका होत नाहीत असं दिसलं की वाढवा. क्रेट अजिबात ठेवायचे नसतील तर सगळा माल एकत्र आणून टेबलामागच्या खणांत वाटायचा, पण त्याला जागा आणि आणखी एक माणूस लागतो, तुमच्या ऑर्डरींना मी क्रेटच सुचवेन.

नागमोडी क्रमाची एक मर्यादा आहे, ती लहान बॅचमध्ये दिसते. समजा एखाद्या बॅचमध्ये B गल्लीचं काहीच नाही. माणूस A मधून मागे गेला, मागच्या बाजूने सरळ C पाशी आला. आता तो C च्या मागच्या टोकाला आहे, पण लिस्टमध्ये C चा क्रम पुढून मागे असा आहे, 03 आधी आणि 09 नंतर. म्हणजे एक गल्ली वगळली की पुढच्या सगळ्या गल्ल्या उलट्या होतात. नीट करायचं तर गल्लीच्या अक्षरावरून नाही, त्या बॅचमध्ये ती कितवी वापरात असलेली गल्ली आहे त्यावरून सम-विषम ठरवावं लागतं. वापरातल्या गल्लीचा नंबर असा निघतो, G मध्ये गल्लीचं अक्षर घेतलं तर:

```
G2: =LEFT(E2,1)
H2: =COUNTUNIQUE(FILTER(G$2:G,G$2:G<=G2,G$2:G<>"",G$2:G<>"?"))
```

मग ISODD मध्ये H2 घालायचा, आणि त्यासाठी चालक्रम Locations मधून न आणता Orders मध्येच काढायचा, बाकी फॉर्म्युल्यात B2 च्या जागी E2 करून, लोकेशन न सापडलेल्या ओळीला 0 तसाच ठेवून. खरं सांगायचं तर साठ-सत्तर ऑर्डरींसाठी मी एवढ्या भानगडीत पडत नाही. बॅच बऱ्यापैकी भरलेली असली की प्रत्येक गल्लीत काहीतरी असतंच. नसेल तेव्हासाठी प्रिंटमध्ये दोन गल्ल्यांच्या मधे एक मोकळी ओळ सोडायची आणि पोरांना सांगायचं, उलट्या टोकाला आलात तर त्या गल्लीचा गठ्ठा खालून वर वाचा. त्यांना ते एका दिवसात जमतं. गल्लीच्या तोंडाशीच एक-दोन वस्तू असतील तर पूर्ण गल्ली न फिरता तिथूनच परत फिरा हे त्यांना सांगावंही लागत नाही.

क्रम बरोबर बसलाय की नाही हे कळायला काही मोजायची गरज नाही, माणूस कोणत्या क्रमाने खुणा करतोय तेवढं बघा. रोज दोघं-तिघं लिस्टमधली तीच ओळ सोडून पुढे जातायत आणि नंतर परत येऊन तिच्यावर टिक करतायत असं दिसलं, तर त्या रॅकचा चालक्रम चुकलाय, माणसं बरोबर आहेत. त्यांना विचारा आणि नंबर बदला. आणि एखाद्या ओळीपाशी माणूस उभा राहून शोधत असेल तर सॉर्ट नाही, लोकेशनच चुकीचं आहे. माल हलवला की शीट बदलायची जबाबदारी एकाच माणसाकडे ठेवा, तीही हलवायच्या वेळीच, संध्याकाळी लिहू म्हटलं की राहतं. लिस्टमध्ये माल नाही सापडला तर पोरांनी ओळीसमोर मिळालेले नग लिहायचे आणि पुढे जायचं, त्या एका वस्तूसाठी अख्खं गोडाऊन पालथं घालायचं नाही, एका शोधात त्या फेरीची सगळी बचत जाते.

तोच माल दोन जागी ठेवत असाल तर XLOOKUP त्याला जो आधी दिसतो तोच देतो, दुसरी जागा त्याला माहीतच नसते. म्हणून काढायची जागा प्रत्येक एसकेयूला एकच ठेवा, हाताला येईल त्या उंचीवर, आणि जास्तीचा साठा वर किंवा मागे, त्याचं लोकेशन वेगळ्या कॉलममध्ये जे पिक लिस्टमध्ये कधी येत नाही. काढायच्या जागेवरचा माल संपत आला की तिथून भरायचा, शक्यतो फेऱ्या सुरू व्हायच्या आधी. कॉम्बो विकत असाल, म्हणजे डायरी आणि पेन मिळून एकच एसकेयू, तर तो Orders मध्ये आणतानाच दोन ओळींत फोडा आणि नगांची संख्या गुणून घ्या, नाहीतर कॉम्बोला लोकेशन नाही म्हणून तो कायम ??? मध्ये वर येत राहील. नगांची तपासणीही फोडल्यानंतरच्या बेरजेवर करायची.

सुरुवात करताना सगळं एकदम नका करू. आधी फक्त एका वस्तूच्या ऑर्डरींची वेगळी बॅच काढून बघा, त्याला क्रेट लागत नाहीत, फक्त वरची QUERY लागते. तुमच्या गल्ल्या दोन्हीकडून उघड्या आहेत का आणि रॅक एका बाजूला की दोन्ही, हे लिहिलंत तर चालक्रमाचा फॉर्म्युला तुमच्या जागेप्रमाणे बदलून देतो.